३१ इंग्रजी मेल, एक मराठी संदेश

प्रश्न: मशीनच्या पुरवठादाराशी आत्तापर्यंत ३१ इंग्रजी मेल झालेत. माझे भागीदार माझ्याहून वयाने मोठे आहेत, कारखान्याची बाजू तेच बघतात, पण इंग्रजी वाचत नाहीत. त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर मराठीत थोडक्यात कळवायचं असतं. मी लिहितो ते एकतर फार लांबतं, नाहीतर आठ दिवसांनी "हे तू सांगितलंच नव्हतंस" असं होतं. नेमकं कसं लिहावं?

उत्तर:

संदेश लांबतो त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: मेल ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने सांगितलं जातं. आधी त्यांनी इतके मागितले, मग आम्ही इतके म्हणालो, मग ते इतक्यावर आले. भागीदाराला हा प्रवास नको असतो. आज गाडी कुठे उभी आहे आणि आपल्याला काय ठरवायचंय, एवढंच त्यांना हवं असतं. आणि "सांगितलंच नव्हतंस" हे होतं ते एखादा मुद्दा राहिला म्हणून क्वचितच. बहुतेकदा मुद्दा सांगितलेला असतो, पण त्याचं वजन बदललेलं असतं. समोरच्याने "बघतो" म्हटलेलं असतं आणि मराठीत येईपर्यंत त्याचं "देणार आहेत" झालेलं असतं.

म्हणून कामाचे दोन भाग करा. आधी मेलमधून आजची स्थिती काढा, आणि ती हातात आल्यावरच मराठी लिहायला बसा. मेल वाचता वाचता मराठी टाइप करत गेलात की जुनी माहिती आत शिरते आणि ती नंतर दिसत नाही.

आधी साखळी पूर्ण हातात घ्या

शेवटचा मेल उघडून खाली खाली वाचत जायची सवय बऱ्याच जणांना असते. त्यात दोन धोके आहेत. एक म्हणजे तुम्ही उलट्या दिशेने वाचता, त्यामुळे उत्तर आधी आणि प्रश्न नंतर येतो. दुसरा जास्त वाईट. साखळीला फाटे फुटलेले असतात. अकरावा मेल आल्यावर एकाने अकराव्याला उत्तर दिलं आणि दुसऱ्याने नवव्याला, तर शेवटच्या मेलच्या खाली एकच फाटा दिसतो. दुसऱ्या फाट्यावर त्यांच्या हिशेबनिसाने पाठवलेला बदललेला भाव त्या मेलमध्ये कुठेच नसतो.

जीमेल वापरत असाल तर संगणकावर ती साखळी उघडून वर उजवीकडच्या `Print all` वर क्लिक करा. सगळे मेल जुन्यापासून नव्यापर्यंत एका पानावर येतात, ते पीडीएफ करून ठेवा. विषयाची ओळ कुणी बदलली असेल तर जीमेल तिथून नवी साखळी धरतं, म्हणून पुरवठादाराच्या पत्त्यावरून आलेले सगळे मेल एकदा शोधून काढा. साखळीत जोडपत्रं कुठे कुठे आहेत तेही बघा, कारण उत्तर देताना जोडपत्र बहुधा पुढच्या मेलसोबत जात नाही. खरा भाव कित्येकदा मेलच्या मजकुरात नसून चौदाव्या मेलला जोडलेल्या प्रोफॉर्मा बिलात असतो.

आणखी एक जागा हमखास सुटते. "माझी उत्तरं खाली लाल रंगात दिली आहेत" असं एका ओळीत लिहून मधल्या मजकुरात उत्तरं भरलेली असतात. वरवर तो मेल एका ओळीचाच दिसतो. फोनवर तर जुना मजकूर दुमडलेला असतो, मग ती उत्तरं डोळ्यासमोरच येत नाहीत. एका ओळीचा मेल दिसला की तो उघडून आत काही भरलंय का हे पाहायचंच.

"अ‍ॅज डिस्कस्ड" असे शब्द दिसले तर थांबा. याचा अर्थ काहीतरी फोनवर बोलणं झालंय आणि ते साखळीत नाही. ज्याने बोलणं केलं त्याला विचारल्याशिवाय त्या मुद्द्याबद्दल काहीही लिहू नका.

मुद्द्यांचा कागद

आता एक साधा कागद घ्या. मेलनुसार न जाता मुद्द्यानुसार ओळी पाडा: भाव, पैसे कधी, माल कधी, वाहतूक, वॉरंटी, तांत्रिक प्रश्न. प्रत्येक ओळीत त्या मुद्द्यावरचा शेवटचा शब्द कोणाचा, कितव्या मेलमध्ये, आणि त्याची अवस्था काय, एवढंच लिहा. अवस्था चारच असतात: ठरलं, त्यांनी सांगितलं पण आपण होकार दिलेला नाही, आपण मागितलं पण त्यांनी होकार दिलेला नाही, आणि प्रश्न विचारलाय पण उत्तर गेलेलं नाही.

"ठरलं" हा शब्द फार जपून वापरायचा. एका बाजूने स्पष्ट म्हटलं, दुसऱ्या बाजूने स्पष्ट हो म्हटलं, आणि नंतरच्या कुठल्याही मेलने ते बदललं नाही, तरच तो मुद्दा ठरला. या तिन्हींपैकी एक जरी दाखवता आलं नाही तरी तो उरलेल्या तीन अवस्थांपैकी एकीत जातो.

तुमच्यासारखीच एक साखळी घेऊन हे करून दाखवतो. पॅकिंग मशीन विकत घ्यायचंय, २० मे ते ८ जून या काळात ३१ मेल झालेत, आणि आज सोमवार, १० जून आहे.

पहिल्या मेलमध्ये पुरवठादाराने ४८,००० डॉलर भाव दिला, माल ८ आठवड्यांत म्हटलं, आणि भाव एफओबी, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च धरून, असल्याचं सांगितलं. सहाव्या मेलमध्ये आपण एफओबी मान्य केलं, पण ४४,००० मागितले. अकराव्यात ते ४५,५०० वर आले. मात्र त्याच वाक्याच्या शेपटीला अट आहे: ऑर्डर आणि ४० टक्के आगाऊ रक्कम १४ जूनपर्यंत त्यांना मिळाली तरच. चौदाव्या मेलच्या जोडपत्रात एकूण रक्कम ४६,२०० आहे. भाव वाढला असं वाटून घाबरायला होतं, पण बिलाच्या ओळी मोजल्या की कळतं, ७०० डॉलरचा सुट्या भागांचा संच त्यात धरलाय. तो संच आपण मागितलेला नव्हता.

सतराव्या मेलमध्ये त्यांच्या इंजिनिअरने दोन प्रश्न विचारले: पिशवीची रुंदी किती, आणि वीजपुरवठा ३८० व्होल्ट की ४१५. एकोणिसाव्या मेलमध्ये आपण रुंदी कळवली. व्होल्टेजचं उत्तर राहिलं. बाविसाव्यात माल "आगाऊ रक्कम मिळाल्यापासून आणि ड्रॉइंग मंजूर झाल्यापासून १० ते १२ आठवड्यांत" झाला. चोविसाव्यात आपण मशीन जोडून द्यायला त्यांचा माणूस ३ दिवस विनामोबदला मागितला, पंचविसाव्यात त्यांनी "वी वुड बी हॅपी टू लुक इंटू इट" म्हटलं. अठ्ठाविसाव्या मेलच्या अगदी तळाशी, सहीच्या वर, एक वाक्य आहे: १२ जूनपर्यंत वेगळं काही कळलं नाही तर आम्ही ३८० व्होल्ट धरून पुढे जाऊ. एकोणतिसाव्यात वॉरंटीची अट आहे. उरलेले मेल आभार, स्मरणपत्रं आणि "काइंडली कन्फर्म" यांतच गेलेत.

हा कागद झाल्यावर चित्र बदलतं. ३१ मेलमध्ये सगळ्यात जास्त ओळी भावावर खर्च झाल्यात. पण सगळ्यात तातडीचा मुद्दा एका वाक्याचा आहे आणि तो व्होल्टेजचा आहे. "वेगळं कळलं नाही तर" अशा अर्थाचं वाक्य, म्हणजे इंग्रजीत "अनलेस वी हिअर अदरवाइज", साखळीत शोधूनच काढा. तिथे तुमचं गप्प राहणं हाच होकार धरला जातो. ते वाक्य कितीही लहान असो, मराठी संदेशात त्याची जागा सगळ्यात वर.

होकारासारखं दिसणारं इंग्रजी

व्यापारी इंग्रजी नकार आणि टाळाटाळ दोन्ही गोड शब्दांत करतं. शब्दशः मराठी केलं की गोडवा तेवढा उरतो आणि टाळाटाळ गायब होते. "वी वुड बी हॅपी टू लुक इंटू इट" याचं "आम्हाला आनंद होईल" असं मराठी वाचणारा माणूस येणारच असं समजतो. त्याचं खरं मराठी "बघतो म्हणाले" एवढंच आहे. "नोटेड" म्हणजे वाचलं, मान्य केलं असं नव्हे. "इन प्रिन्सिपल" म्हणजे तत्त्वतः हो, पण तपशील ठरेपर्यंत कुणीही मागे फिरू शकतं. "सब्जेक्ट टू" आणि "प्रोव्हायडेड" हे शब्द दिसले की त्यांच्यापुढे जे लिहिलंय ते मराठी वाक्यात आधी आणा. "भाव ४५,५००, पण अट अशी" असं लिहिलं तर घाईत वाचणारा माणूस स्वल्पविरामापाशीच थांबतो. "१४ जूनपर्यंत पैसे पोचले तरच ४५,५००" असं लिहिलं की अट सोडून आकडा वाचताच येत नाही. मराठीचा वाक्यक्रम इथे आपल्या बाजूचा आहे, त्याचा उपयोग करून घ्या.

"शुड" हा शब्दही फसवतो. "द मशीन शुड बी रेडी बाय द एंड ऑफ ऑगस्ट" यात "तयार व्हायलाच हवं" अशी सक्ती नाही आणि "तयार होईल" अशी हमीही नाही. "ऑगस्टअखेर तयार होईल असा त्यांचा अंदाज आहे" हे बरोबर. अशा ठिकाणी दोन शब्द जास्त गेले तरी चालतील.

मराठीचे आपले खड्डे

इंग्रजी नीट समजूनही गोंधळ होतो, कारण मराठीतले काही रोजचे शब्द दोन अर्थांचे आहेत. समोरासमोर बोलताना हावभावावरून अर्थ कळतो. व्हॉट्सअ‍ॅपवर कळत नाही.

"आपण" हा पहिला. वडीलधाऱ्या भागीदारांना तुम्ही "आपण" म्हणत असाल, आणि दोघांच्या कंपनीलाही "आपण" म्हणत असाल, तर "आपण पैसे भरायचे आहेत" याचा अर्थ तुम्ही भरायचे, की मी भरायचे, की कंपनीने? संदेशात त्यांना "तुम्ही" म्हणा, स्वतःला "मी", आणि दोघांच्या वतीने असेल तिथे "आपली कंपनी". "तुम्ही"मध्ये पुरेसा मान आहे, त्याने कुणी दुखावत नाही.

"ते" हा दुसरा. पुरवठादार कंपनी, तिचा विक्री अधिकारी, तिचा इंजिनिअर, आणि ज्यांच्याकडून आपण वाहतुकीचा दर मागवलाय ते, सगळेच "ते". एका संदेशात "ते" फक्त पुरवठादारासाठी ठेवा. बाकी प्रत्येकाला त्याच्या कामाच्या नावाने ओळखा: "वाहतूकवाले", "त्यांचा इंजिनिअर".

तिसरा "पर्यंत". इंग्रजीत "बाय" आणि "अनटिल" हे वेगळे आहेत, मराठीत दोन्हींचं "पर्यंत" होतं. "भाव १४ जूनपर्यंत आहे" आणि "पैसे १४ जूनपर्यंत द्या" या दोन वाक्यांत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय चौदा तारीख धरायची की नाही, हा प्रश्न उरतोच. "१४ जूनच्या संध्याकाळच्या आत" किंवा "१४ जूनपर्यंत, तो दिवस धरून" असं लिहा.

आणि "परवा". मागचा की पुढचा हे क्रियापदावरून कळतं, पण संदेश दोन दिवसांनी वाचला तर तेही कोसळतं. उद्या, काल, परवा, पुढचा शुक्रवार, यांतलं काहीही नुसतं लिहू नका. सोबत वार आणि तारीख द्या: "मंगळवार, ११ जून". महिना अक्षरात लिहायचा. पुरवठादाराच्या मेलमध्ये 04/05 असं असेल तर ती ४ मे की ५ एप्रिल हे त्याच्या देशाच्या पद्धतीवर अवलंबून असतं. आधीच्या मेलमध्ये बारापेक्षा मोठा आकडा असलेली एखादी तारीख सापडली की त्याची पद्धत लगेच कळते. नाही सापडली तर एका ओळीचा मेल टाकून विचारून घ्या.

मुदतीच्या वेळेबद्दल एवढंच. पुरवठादार आपल्या पूर्वेला असेल तर त्याचा कामाचा दिवस आपल्याआधी संपतो. त्याच्या "शुक्रवारी काम संपेपर्यंत" मध्ये आपली शुक्रवारची संध्याकाळ नसते. आणि त्याने "रिसीव्ह" म्हटलं असेल तर पैसे त्याच्या खात्यात जमा व्हायला हवेत, आपण त्या दिवशी बँकेतून पाठवून भागत नाही. परदेशी रक्कम पोचायला मध्ये काही दिवस जातात, म्हणून भागीदाराला सांगायची तारीख मेलमधल्या तारखेहून अलीकडची असते.

फसलेला संदेश आणि नीट संदेश

वरच्या साखळीवरून घाईत लिहिलेला संदेश साधारण असा होतो:

> काका, मशीनवाल्यांशी बोलणं झालं. भाव ४५,५०० ठरला. ८ आठवड्यांत मशीन येईल. जोडायला माणूस ते फुकट पाठवणार आहेत. आपण १४ पर्यंत पैसे भरायचे आहेत. बाकी सगळं ओके.

वाचायला किती सुटसुटीत आहे! पण यात एकही वाक्य धड नाही. भाव ठरलेला नाही, तो अटीवर आहे. ८ आठवडे हा पहिल्या मेलमधला आकडा, तो बाविसाव्या मेलने मोडीत निघाला. माणूस पाठवायचं त्यांनी कबूल केलेलं नाही. "आपण" म्हणजे कोण, "पैसे" म्हणजे किती, "भरायचे" म्हणजे पाठवायचे की पोचवायचे, काहीच कळत नाही. आणि "बाकी सगळं ओके" या तीन शब्दांखाली व्होल्टेजचा प्रश्न गाडला गेलाय. काका हे वाचून "ठीक आहे" पाठवतील, आणि ज्या गोष्टीवर त्यांच्याशिवाय कुणी उत्तर देऊ शकत नाही तिची तारीख निघून जाईल.

आता तोच संदेश कागदावरून लिहिलेला:

> नमस्कार काका,
>
> पॅकिंग मशीनचं बोलणं आज सोमवार, १० जूनपर्यंत कुठे आलंय ते कळवतो. पहिल्या तीन गोष्टींवर तुमचं उत्तर उद्या मंगळवार, ११ जूनला दुपारी १२ च्या आत हवंय.
>
> १. व्होल्टेज: मशीन ३८० व्होल्टचं हवं की ४१५? आपल्या कंपनीकडून बुधवार, १२ जूनपर्यंत, तो दिवस धरून, उत्तर गेलं नाही तर ते ३८० धरून मशीन बनवायला घेणार आहेत.
>
> २. सुटे भाग: नुसतं मशीन ४५,५०० डॉलर. सुट्या भागांच्या संचासह ४६,२००. संच घ्यायचा की नको?
>
> ३. पैसे: ऑर्डर आणि ४० टक्के आगाऊ रक्कम शुक्रवार, १४ जूनपर्यंत, तो दिवस धरून, त्यांना मिळाली तरच हा भाव. ही रक्कम संच न घेता १८,२००, संच घेऊन १८,४८० डॉलर. मंगळवारी, ११ जूनलाच मी बँकेतून पाठवू का?
>
> ठरलेलं: मशीन जहाजावर चढेपर्यंतचा खर्च त्यांचा. पुढचं भाडं आणि विमा आपल्या कंपनीचा.
>
> त्यांनी सांगितलंय, मी अजून हो म्हटलेलं नाही: पैसे मिळाले आणि ड्रॉइंग मंजूर झालं की, दोन्हींपैकी जे नंतर होईल तिथून १० ते १२ आठवड्यांत मशीन. वॉरंटी मशीन चालू झाल्यापासून १२ महिने किंवा पाठवल्यापासून १८ महिने, जे आधी संपेल तेवढीच.
>
> लटकलेलं: जोडणीला ३ दिवस माणूस फुकट पाठवा असं मी मागितलंय. बघतो म्हणालेत, हो म्हटलेलं नाही.
>
> माझं मत: संच आत्ताच घ्यावा, नंतर मागवला तर वाहतूक वेगळी पडेल.

आधीच्यापेक्षा हा बराच लांब आहे, तरी फोनच्या दोन-तीन पडद्यांत मावतो. ३१ मेलसाठी एवढा ठीक आहे. याहून लहान करायचाच असेल तर "ठरलेलं"चा भाग काढा, प्रश्नांना हात लावू नका. किंमत ४८,००० वरून कशी खाली आली, हे यात नाही, आणि नसावंच. काकांना हवं असेल तर ते विचारतील.

यातल्या काही ओळी मुद्दाम तशा आहेत. एफओबी हा शब्द गाळून त्याचा अर्थ लिहिलाय, कारण भागीदाराला त्या अक्षरांशी काम नाही, खर्च कुठे बदलतो याच्याशी आहे. हाच करार सीआयएफवर असता तर आपल्या बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा ते भरणार असं लिहून शिवाय एक ओळ घालावी लागली असती: वाटेत माल बिघडला तर मात्र जोखीम जहाजावर चढल्यापासून आपली. सीआयएफमध्ये खर्च आणि जोखीम वेगवेगळ्या ठिकाणी हात बदलतात, आणि नुसतं "भाडं त्यांचं" वाचणारा जोखीमही त्यांचीच समजतो.

माल कधी, या ओळीत "आणि" आहे. त्यांच्या मेलमध्ये दोन अटी जोडल्या आहेत, म्हणजे घड्याळ दुसऱ्या अटीपासून सुरू होतं असा सरळ अर्थ निघतो, आणि ड्रॉइंग मंजूर करणं काकांच्या हातात आहे. "१० ते १२ आठवडे" एवढंच कळवलं असतं तर ड्रॉइंग पंधरा दिवस टेबलावर पडून राहिलं तरी मशीनची तारीख पुढे जातेय हे त्यांना कळलं नसतं. वॉरंटीतही तेच. "१८ महिने वॉरंटी" असं लिहिलं तर ते मोठं दिसतं, पण मशीन येऊन लगेच चालू झालं तर ती १२ महिन्यांतच संपते.

आणि मत वेगळ्या ओळीत आहे, "माझं मत" असं नाव देऊन. मत आणि बातमी एका वाक्यात मिसळली की वाचणाऱ्याला दोन्ही पुरवठादाराचं म्हणणं वाटतं. तुम्हाला पुरवठादाराच्या एखाद्या मेलचा सूर खटकला असेल तर तोही इथेच लिहा. त्यांच्या तोंडी घालू नका.

पाठवण्याआधी आणि नंतर

संदेश लिहून झाला की प्रत्येक आकडा आणि प्रत्येक तारीख हाताशी धरून मूळ मेलशी ताडून बघा. आकड्यांच्या बेरजाही करा: ४५,५०० अधिक ७०० म्हणजे ४६,२००, त्याचे ४० टक्के १८,४८०. मेलमध्ये मिलियन असेल तर एक मिलियन म्हणजे दहा लाख, आणि तिथे शून्यं मोजूनच लिहा. मग प्रत्येक ओळीसमोर मेलचा क्रमांक आपल्या कागदावर लिहून ठेवा. संदेशात तो नको, पण काकांनी "हे कुठे म्हटलंय?" विचारलं तर अर्ध्या मिनिटात तो मेल उघडता आला पाहिजे.

त्यानंतर संदेश एकदा मोठ्याने वाचा. जिथे श्वास अडखळतो तिथे बहुधा इंग्रजी वाक्याचा सांगाडा राहिलेला असतो. "त्यांच्याद्वारे असे सूचित करण्यात आले आहे की" असं काही आलं तर "ते म्हणतात" करा.

नुसतं "ठीक आहे" किंवा अंगठ्याचं चित्र आलं तर ते उत्तर धरू नका. प्रश्नांना क्रमांक दिलेत ते यासाठीच. "काका, १ चं काय, ३८० की ४१५?" असं परत विचारा. व्होल्टेजसारखी गोष्ट असेल तर फोन करून त्यांच्याच तोंडून आकडा ऐका आणि मग तो आकडा संदेशात लिहून पाठवा, म्हणजे दोघांकडे लेखी राहतो. वाचायला त्रास होत असेल तर हाच संदेश आवाजात पाठवा, पण लेखी संदेशासोबत. आवाजातली तारीख नंतर शोधून सापडत नाही.

एका गोष्टीला मात्र सारांश चालत नाही. काकांची सही लागणार असेल, म्हणजे करार, हमीपत्र, दंडाच्या अटी, तर त्या कलमांचं ओळीन्‌ओळ मराठी भाषांतर द्या. तुमच्या सारांशावर विसंबून त्यांनी इंग्रजी कागदावर सही करायची वेळ येऊ देऊ नका. उद्या वाद झाला तर सही केलेला इंग्रजी कागद बघितला जाईल, तुमचा संदेश नाही.

पुढचा मेल आल्यावर सगळं परत लिहायची गरज नाही. तेच क्रमांक कायम ठेवा आणि बदललेली ओळच पाठवा: "१. व्होल्टेज: ४१५ कळवलं, त्यांचा होकार आज बुधवार, १२ जूनला आला. हे आता ठरलेल्यात."